जिना चढताना छाती आवळणं आणि बसल्याजागी येणारी कळ: काळजी कशाची करायची?

प्रश्न: वडील ५८ वर्षांचे, शुगर आहे. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांची छाती आवळते, थांबलं की जाते. ते म्हणतात गॅस. मला (वय ३१) अधूनमधून डावीकडे सुई टोचल्यासारखी कळ येते, दोन सेकंदांत गायब. घरचे माझ्याच मागे लागलेत. आधी कुणाला दाखवावं?

उत्तर: वडिलांना, आणि दोन-तीन दिवसांत. मी कोल्हापुरात फिजिशियन आहे. अशी जोडी माझ्याकडे नेहमी येते, आणि बहुतेक वेळा घाबरलेला असतो तो मुलगाच.

हृदयाचा स्नायू आरामातसुद्धा रक्तातला बहुतेक प्राणवायू काढून घेतो. त्यामुळे काम वाढलं की त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो, जास्त रक्त मागवणं. निरोगी धमन्या तो पुरवठा तीन-चार पट वाढवू शकतात. एखादी धमनी साधारण ७० टक्के अरुंद झाली असेल, तर बसलेल्या माणसाला रक्त पुरतं, जिन्यावर पुरत नाही. त्यात हृदयाला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं, आणि ठोके वाढले की तो विसावाच कमी होतो. स्नायू उपाशी पडतो आणि छाती आवळते. याला अंजायना म्हणतात.

हा तुटवडा साचायला वेळ लागतो, भरून निघायलाही लागतो. म्हणून ही आवळ हळूहळू चढते आणि थांबल्यावर दोन ते पाच मिनिटांत उतरते. दोन सेकंदांत येऊन जाणारी कळ या हिशेबात बसत नाही. ती बहुधा बरगड्या, त्यांच्यामधले स्नायू किंवा कूर्चा यांची असते. तिथल्या नसा जागा नेमकी सांगतात, म्हणून तुम्ही एका बोटानं ती दाखवू शकता. हृदयाच्या नसा हात, गळा आणि जबड्याच्या नसांबरोबरच मज्जारज्जूत शिरतात. त्यामुळे अंजायनाचा पेशंट बोट ठेवत नाही, छातीवर अख्खा तळवा किंवा मूठ ठेवतो. ‘दुखत नाही हो, नुसतं जड होतंय’ असंही म्हणतो.

गुजरीतल्या एका दुकानदारांचं उदाहरण सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). वय पन्नाशीच्या पुढे, शुगर, तंबाखू. सकाळी रंकाळ्यावर सावकाश फिरताना काही नाही, पण घरचा तिसरा मजला चढताना छाती जड. जेवून चढले तर पहिल्याच मजल्यावर. जेवणानंतर वाढतंय म्हणजे गॅसच, असं समजून ते ओवा आणि सोडा घेत होते. पण पोट भरलं की रक्त तिकडे वळतं, हृदयाचं काम वाढतं आणि अंजायना लवकर येतो. गॅसला पायऱ्या मोजता येत नाहीत. ठरावीक चढावर येणं आणि थांबलं की जाणं, हीच खूण महत्त्वाची.

त्यांचा ईसीजी नॉर्मल होता. यावर पुष्कळ जण सुस्कारा सोडतात आणि घरी जातात. पण तो पलंगावर पडून काढलेला असतो, आणि तेव्हा हृदयाला रक्त कमी पडतच नसतं. ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा सहाव्या मिनिटाला छाती जड झाली आणि ईसीजीची रेषा खाली सरकली. अँजिओग्राफीत पुढची मोठी धमनी बरीच अरुंद निघाली. औषधं सुरू झाली, स्टेंट बसवला. तंबाखू सोडवायला मात्र त्याहून जास्त कष्ट पडले.

वडिलांना नेताना डॉक्टरांना मोजून सांगा: किती पायऱ्यांनंतर, किती मिनिटं, आणि महिन्याभरापूर्वी कितीला यायचं. तोवर जिना सावकाश चढू द्या, जेवल्यावर लगेच नको. जोतिबाच्या पायऱ्या सध्या राहू द्यात. शुगर असणाऱ्यांना आणि बायकांना कधी कधी आवळ जाणवतच नाही. नुसती धाप लागते किंवा जबडा जड होतो, तेही थांबल्यावर जातं. तेही सांगायचं.

तुमची कळ दाबल्यावर, कूस बदलल्यावर किंवा खोल श्वासावर दुखत असेल, तर सवडीनं दाखवलंत तरी चालेल. मात्र टोचणारं दुखणं सेकंदांत न जाता टिकलं आणि त्यासोबत धाप, ताप किंवा एका पायाला सूज असेल, तर थांबू नका. फुप्फुसाचं किंवा हृदयावरच्या आवरणाचं दुखणंही असंच टोचतं.

वडिलांची आवळ बसल्या-बसल्या किंवा झोपेत आली, आधीपेक्षा कमी पायऱ्यांवर येऊ लागली, किंवा थांबूनही दहा मिनिटांत गेली नाही, तर ट्रेडमिलचा नंबर लावत बसू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन करा, त्यांना चालवत नेऊ नका, आणि स्कूटरवर तर मुळीच नको.