पहिल्या लेनमधली पट्टी

प्रश्न: वडिलांच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या रिपोर्टमध्ये 'एम बँड दिसतो' असं आलंय. आता डॉक्टर इम्युनोफिक्सेशन करायला सांगतात. हा नुसता जादा खर्च नाही का?

उत्तर: नाही. आमच्या लॅबमधल्या सरांनाही तो जादा खर्चच वाटायचा, म्हणून मुद्दाम लिहितेय. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये रक्तातली प्रोटीन्स विजेने वेगळी करून त्यांचा ग्राफ काढतात. एम बँड म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींनी बनवलेल्या, अगदी एकसारख्या अँटिबॉडीची त्यातली पट्टी.

डायलिसिसवरचा एक पेशंट होता. त्याच्या ग्राफवर बीटा आणि गॅमा या भागांच्या मधोमध एक बारीक, टोकदार सुळका होता. इन्फेक्शनमध्ये किंवा लिव्हरच्या आजारात गॅमा वाढतो तो पसरट टेकाडासारखा. हा तसा नव्हता. सरांनी लगेच 'एम बँड' लिहायला घेतलं. मी म्हणाले, "सर, जागा बघा. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन इथेच येतं." ते म्हणाले, "सीरममध्ये फायब्रिनोजेन कुठून येणार?"

बरोबरच आहे, सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी; रक्त नीट गोठलं असेल तर त्यात फायब्रिनोजेन येणार नाही. पण हे रक्त डायलिसिसच्या लाइनमधून काढलेलं, गोठू न देणारं हेपरिन मिसळलेलं. ते अर्धवट गोठलं होतं.

मी हट्टाने इम्युनोफिक्सेशन लावलं. यात तेच सीरम जेलवर सहा लेनमध्ये चालवतात. पहिलीत सगळी प्रोटीन्स दिसतात. बाकीच्या पाचांवर अँटिबॉडीचे भाग पकडणारे अँटिसेरा टाकतात: आयजीजी, आयजीए, आयजीएम या हेवी चेनचे आणि कप्पा, लॅम्ब्डा या लाइट चेनचे. ज्याची जोडी जुळते ते जागेवर थिजतं, बाकीचं धुऊन जातं. खरा एम बँड असेल तर सहसा एका हेवी चेनच्या आणि एका लाइट चेनच्या लेनमध्ये, एकाच पातळीवर, रेखीव पट्टी उमटते. इथे पट्टी फक्त पहिल्या लेनमध्ये होती. बाकी पाचांत त्या जागी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी हाताच्या शिरेतून साध्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं, पूर्ण गोठू दिलं. सुळका गायब!

सरांचं म्हणणं तरीही तेच, "दहात एकदा असं होतं." अहो, त्या एकाला आपण मायलोमा या कॅन्सरच्या भीतीने बोन मॅरोच्या तपासणीला पाठवणार होतो. आणि बँड खरा निघाला तरी तो आयजीजी आहे की आयजीएम, हे सुळक्याच्या आकारावरून कुणालाच सांगता येत नाही.

बँड गॅमाच्या मधोमध आणि मोठा असेल तर तो बहुधा खराच असतो, हे मात्र मान्य. तरी तो म्हणजे कॅन्सरच असं नाही. नुसती लाइट चेन बनत असेल तर ग्राफवर कधीकधी काहीच दिसत नाही, तिथे फ्री लाइट चेनची टेस्टही लागते. ते डॉक्टर ठरवतील.

वडील डायलिसिसवर असतील किंवा हेपरिन चालू असेल, तर सॅम्पल देतानाच सांगा. आणि आधीचा रिपोर्ट जपून ठेवा. बँड किती ग्रॅम आहे हा आकडा इलेक्ट्रोफोरेसिसवरूनच येतो, इम्युनोफिक्सेशन तो देत नाही.