अर्थ न दिलेला शब्द दुसऱ्यांदा भेटतो तेव्हा

प्रश्न : इंग्रजी कादंबरीत मध्येच दुसऱ्याच भाषेतले शब्द येतात आणि लेखक त्यांचा अर्थ देत नाही. दर वेळी शोधत बसले तर वाचन तुटते, सोडून दिले तर काहीतरी निसटल्यासारखे वाटते. संदर्भावरून अर्थ कसा लावायचा?

पहिल्या भेटीत पूर्ण अर्थ लावण्याचा आग्रह सोडावा. वाक्याने जेवढे सांगितले तेवढेच मनात धरून पुढे जावे आणि शब्द पुन्हा आला की त्यात भर घालावी. मी पुण्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्य शिकवते, आणि चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) वाचताना वर्गात हेच करून घेते. या कादंबरीच्या इंग्रजीत नायजेरियातील इग्बो भाषेचे शब्द जागोजागी तसेच ठेवलेले आहेत. त्यांतला ‘ओगेने’ हा एकच शब्द घेऊन दाखवते.

पहिल्या प्रकरणात नायकाचा बाप उनोका याच्यासमोर युद्धाचा विषय निघतो. त्याला तो नकोसा असतो, म्हणून तो बोलणे संगीताकडे वळवतो आणि त्याचा चेहरा खुलतो. एक्वे, उडू आणि ओगेने यांची गुंतागुंतीची लय त्याच्या मनात घुमू लागते आणि त्या लयीतून त्याची स्वतःची बासरी आत-बाहेर विणली जाते. तीन अनोळखी शब्द एका ओळीत आले असले तरी वाक्याने बरेच सांगून टाकले आहे. ही तिन्ही वाद्ये आहेत, ती लय धरणारी आहेत, आणि सूर बासरीकडे आहे. याहून अधिक या वाक्यातून काढू नये.

दुसरे प्रकरण रात्री सुरू होते. नायक ओकोंक्वो दिवा विझवून नुकताच आडवा झालेला असतो आणि शांततेला चिरत गावच्या दवंडीवाल्याचे ओगेने ऐकू येते. या जागी माझ्या एका विद्यार्थिनीने समासात पेन्सिलीने ‘हलगी’ असे लिहिले होते. तिच्या गावी दवंडी हलगी वाजवून देत असत, त्यामुळे तिचा तर्क अगदी स्वाभाविक होता. पण लगेच पुढच्या वाक्यात ‘गोमे, गोमे’ असा घुमणारा आवाज येतो, आणि तो आवाज करणाऱ्या वस्तूला लेखक पोकळ धातू म्हणतो. हलगीला कातडे असते, म्हणून ‘हलगी’ खोडावी लागली. दवंडी देऊन झाल्यावर तो माणूस आपले वाद्य पुन्हा बडवतो, म्हणजे ते फुंकायचे नाही हेही पक्के झाले. धातूचे, पोकळ, ठोकून वाजवायचे, रात्री गावभर पोहोचणारे आणि संगीतातही चालणारे वाद्य, एवढे चित्र कोश न उघडता दोन प्रकरणांत तयार होते. आपल्याकडचा जवळचा शब्द आठवणे चुकीचे नाही, उलट वाचनाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. मात्र तो पेन्सिलीनेच लिहावा आणि पुढच्या वाक्याला तो खोडू द्यावा.

फसगत होते ती दोनदा भेटलेला शब्द एकच आहे असे गृहीत धरल्यामुळे. ‘आग्बाला’ म्हणजे बाई, आणि कोणताही मानाचा किताब न मिळवलेला पुरुषही, हे कादंबरी दुसऱ्या प्रकरणात स्वतःच सांगते. लहानपणी एका सवंगड्याने उनोकाला हा शब्द लावला, तेव्हा ओकोंक्वोला तो कळला आणि जन्मभर सलत राहिला. तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभी तोच शब्द डोंगर आणि गुहांमधल्या दैवताचे नाव म्हणून येतो, आणि दरवर्षी पीक का बुडते हे विचारायला उनोका त्या दैवताकडे जातो. मागचा अर्थ इथे चिकटवला तर परिच्छेदच लागत नाही. पहिले अक्षर मोठ्या लिपीत आहे, त्याच्याकडे लोक कौल मागायला जातात आणि त्याची पुजारीण आहे, या तीन खुणा दुसरा अर्थ उघड करतात. म्हणून शब्दाचा अर्थ विचारण्याआधी त्या वाक्यात तो काय करतो आहे, त्याच्याशी कोण कसे वागते आहे, हे पाहावे. अर्थ लागल्यावर मात्र हेही दिसते की बापाला हिणवणारा शब्द आणि बाप ज्याच्या दारी गेला त्या दैवताचे नाव वाचकाच्या कानाला सारखेच ऐकू येते. दोन्ही जागी इंग्रजी प्रतिशब्द घातले असते तर हे कुणाच्याही लक्षात आले नसते.

या पद्धतीला मर्यादाही आहे. शब्दाचे काम काय ते संदर्भ सांगतो, वस्तू कशी दिसते ते दर वेळी सांगेलच असे नाही. वर आलेले ‘उडू’ हे मडक्यासारखे मातीचे वाद्य आहे, पण उनोकाच्या त्या वाक्यावरून ते कितीही तर्क केला तरी कळणार नाही. काही आवृत्त्यांच्या शेवटी इग्बो शब्दांची यादी असते. प्रकरण संपल्यावर, समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी शेजारी ठेवून ती पाहावी. उनोकाचा खुललेला चेहरा समजायला तोवर ‘उडू’विषयी एवढे पुरते की ते त्याच्या आवडत्या लयीतले एक वाद्य आहे.