सहीआधीचा एक तास

«ताई, पुढच्या महिन्यात बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन म्युनिकला येतोय. घराचा करार आलाय, २२ पानं, सगळी जर्मन. तासाभरात सही करून पाठवा म्हणतायत. आधी काय बघू?»

पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. मी बसले होते. जिन्यात सायकल ठेवायची का, रविवारी वॉशिंग मशीन लावायचं का, यात चाळीस मिनिटं गेली आणि सतराव्या पानावरची एक ओळ राहून गेली.

शेवटून सुरुवात करा. `Sonstige Vereinbarungen`, म्हणजे इतर ठरलेल्या गोष्टी, हे कलम बहुतेक वेळा तिथेच असतं. बाकीचा करार छापील नमुना. मालकाने मुद्दाम टाइप केलेलं असतं ते इथे. मग पीडीएफमध्ये `Kündigungsverzicht` शोधा. फाइल स्कॅन केलेली असेल तर शोधून काही सापडत नाही, पानं डोळ्यांनीच चाळा. एरवी भाडेकरू तीन महिन्यांची नोटीस देऊन सुटतो. हा शब्द असला की ठरलेली मुदत अडकलात, आणि छापील करारातही ती चार वर्षांपर्यंत चालते. दिसला तर लगेच मेल टाका: चोवीसऐवजी बारा महिने कराल का? कधीकधी करतात.

मग पत्ता. बवेरियात सरकारी प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, तुमच्या आवडीवरून नाही. रस्ता आणि घर नंबर घेऊन कोणती शाळा वाट्याला येते ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरं `Staffelmiete`, म्हणजे आधीच ठरवून टप्प्याटप्प्याने वाढणारं भाडं. १,४५० युरो भाडं दरवर्षी ६० ने वाढत असेल, तर तिसऱ्या वर्षी १,५७०. ते आजच परवडतंय का बघा.

डिपॉझिट शेवटी. तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा, म्हणजे इथे ४,३५० पेक्षा, जास्त लिहिलं असलं तरी ती वरची रक्कम कायद्यात टिकत नाही, आणि रक्कम तीन हप्त्यांत देता येते. जिथे कायदा सोडवतो तिथे हा तास घालवू नका. (पत्ता नोंदणीचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही.)

माझी ती ओळ दोन वर्षांची होती. शाळेत लेकीला जर्मन येत नाही म्हणून मागच्या बाकावर रंगवायला बसवायचे. दुसऱ्या शाळेसाठी अर्ज केला, नाकारला. घर बदललं असतं तर शाळा बदलली असती. घर बदलता येत नव्हतं. नवरा म्हणायचा, दोन वर्षं काय, निघून जातील. गेलीही. तिने एकशे बारा मोर रंगवले, मी मोजलेत, पेटीत आहेत.

एकटेपणाचं विचारलं नाहीत, बरं केलंत. तो नोव्हेंबरात येतो, चांगले बूट घ्या.

लेक आता तेरा वर्षांची आहे. तिला ती शाळा आठवत नाही म्हणते. मी अजून त्या ट्रामने जात नाही.