‘घंटा’तून ‘घण’, ‘माडी’तून ‘माळी’

“माझा सहा वर्षांचा मुलगा ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘केळं’ला ‘केलं’ म्हणतो. त्याची जीभ जड असेल का? शस्त्रक्रिया करावी लागेल का?”

मुलाशी बोलताना मी आधी त्याच्याकडून ‘टोपी’, ‘घोडा’ आणि ‘डबा’ हे शब्द म्हणवून घेतले. तिन्ही स्पष्ट आले. म्हणजे जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागत होते, त्यामुळे जिभेत दोष मानण्याचे कारण उरले नाही. ‘टोपी’ची ‘तोपी’ झाली असती, तर मी आधी श्रवणचाचणी करायला सांगितली असती.

मग मी माझे ओठ कागदाने झाकले, चित्रे समोर मांडली आणि ‘वेल’ की ‘वेळ’, ‘माल’ की ‘माळ’, ‘कान’ की ‘खाण’ असे विचारले. ‘खाण’ त्याने ओळखली, कारण तिथे पहिले अक्षरही वेगळे होते (ही जोडी निवडण्यात चूक माझीच होती). वेल आणि वेळ मात्र त्याला एकच वाटत होते. घराबाहेर तो दिवसभर हिंदी ऐकतो, आणि प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त ऐकून ओळखण्याचा खेळ ठेवला.

आजी त्याच्याकडून नुसते ‘ळ, ळ’ घोकून घेत होत्या. मराठी शब्द ‘ळ’ने किंवा ‘ण’ने सुरू होत नाहीत, तेव्हा सराव शब्दाच्या मध्यापासून किंवा शेवटापासूनच करावा लागतो. ‘घंटा’ म्हणताना ‘टा’च्या आधी जो नाद येतो तो ‘ण’च असतो, मूल ‘घं’वर थांबले की ‘घण’ तयार होतो. ‘खंड’मधून ‘खण’ आणि ‘कंठ’मधून ‘कण’ असेच निघाले. शेवटचा ‘ण’ असा पक्का झाल्यावर ‘दाणा’, ‘गाणे’, ‘पाणी’ हे मधल्या ‘ण’चे शब्द घेतले.

‘ळ’साठी क्रम उलटा ठेवला. ‘माडी’ म्हणताना जिभेचे टोक तिथेच ठेवून कडा सैल सोडल्या की हवा बाजूंनी निघते आणि ‘माळी’ ऐकू येतो; ‘वाडा’चा ‘वाळा’ आणि ‘गोडी’ची ‘गोळी’ही तशीच होते. मध्यात पुढचा स्वर जिभेला खाली उतरवतो, म्हणून हे शब्द ‘बाळ’, ‘फळ’, ‘जवळ’ यांच्यापेक्षा सोपे जातात. ‘दळण’, ‘गाळणी’ आणि ‘पाळणा’ अगदी शेवटी घेतले.

वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, पण ती तिथली बोली आहे. अशा घरातल्या मुलाला मी उपचार सुचवत नाही.

चार महिन्यांनी ‘पाणी’ सहज येऊ लागले. ‘खेळणी’ मात्र सावकाश म्हटली तर नीट येते, आणि भावाशी भांडताना अजूनही ‘खेलनी’ होते.