सप्तपदी राहिली, तर लग्न राहिलं का?

"ताई, आमच्या लग्नात सप्तपदी झालीच नाही. आता भांडणात नवरा म्हणतो, 'हे लग्न कायद्यानं धरतच नाही.' माझ्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. तेवढं पुरेल ना?"

नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका, हे मी त्यांना आधीच सांगितलं. विधी न करता फक्त कागदावर नोंदवलेलं हिंदू लग्न सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात ग्राह्य धरलं नाही. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे. म्हणूनच नोंदणी करायची राहिली तरी रीतीने लागलेलं लग्न रद्द होत नाही.

मग मी विचारलं, "तुमच्या माहेरी लग्नं कशी लागतात?" त्या सांगू लागल्या. हळद, अंतरपाट, मंगळाष्टकं, अक्षता, मंगळसूत्र आणि मग पंगत. होम नाही, सप्तपदी नाही. आईचंही असंच लागलं, आजीचंही. सासरी मात्र सप्तपदी करतात.

इथेच त्यांची बाजू भक्कम होती. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार वर किंवा वधू, दोघांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे लग्न लावता येतं. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. रूढीतच नसेल, तर ती नाही म्हणून लग्न अडत नाही. नवरा स्वतःच्या घरची रीत पुढे करत होता, पण लग्न लागलं होतं माहेरच्या रीतीने.

फक्त रूढी तोंडी सांगून भागत नाही. ती जुनी आणि अखंड चालत आलेली हवी. भाऊराव लोखंडे खटल्यात (१९६५) होम आणि सप्तपदीची गरज नसल्याची रूढी सिद्ध झाली नाही, त्यामुळे भाऊरावांचं दुसरं लग्न कायद्याच्या दृष्टीने लागलंच नाही असं ठरलं आणि द्विभार्येची शिक्षा रद्द झाली. त्या पहिल्या बायकोला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. हॉलची वेळ संपली म्हणून भटजींनी सप्तपदी गाळली, तर त्याला रूढी म्हणता येत नाही. दोन्ही घरांत सप्तपदी आवश्यक असेल, तर खरी अडचण येते. तरीही वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून संसार केला असेल, तर लग्न झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ते खोडून काढायची जबाबदारी मग नाकारणाऱ्यावर येते.

मी त्यांना आई, मावशी आणि थोरल्या बहिणीच्या लग्नाचे फोटो, लग्न लावणारे भटजी आणि भावकीतले दोन वडीलधारे साक्षीदार जमवायला सांगितलं. हे सगळं घेऊन त्या वकिलांकडे गेल्या. लग्न वैध असल्याचं कौटुंबिक न्यायालयाकडून जाहीर करून घेता येतं. तो अर्ज आता तयार होतो आहे.