संतांच्या अभंगांतली सामाजिक टीका पेपरात कशी दाखवायची?

*प्रश्न: एमएला 'साहित्य आणि धर्म' असा पेपर आहे. संतकाव्यातली सामाजिक टीका यावर 'संतांनी जातिभेदावर प्रहार केला' यापुढे माझी गाडी जात नाही. प्रत्यक्ष अभंगातून हे कसं दाखवायचं? मी जळगावकडची आहे.*

सगळे संत एका उत्तरात कोंबू नका. चोखोबांचं एक घर घ्या: चोखामेळा, बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा. चौदाव्या शतकातलं मंगळवेढ्याचं हे महार कुटुंब. तिघांचा विठ्ठल एकच, पण तिघांची तक्रार एक नाही, आणि गुण तिथेच मिळतात.

सुरुवात सोयराबाईपासून करा. 'अवघा रंग एक झाला' नको. आपल्याकडे मुक्ताईनगरच्या यात्रेपासून गल्लीतल्या भजनी मंडळापर्यंत तो सगळ्यांना पाठ असतो, आणि त्यात भांडण मिटलेलं आहे. हा घ्या:

देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥
विटाळावांचोनी उत्पत्तीचे स्थान । कोण देह निर्माण नाही जगीं ॥

पहिला चरण सरळ आहे. देह विटाळलेला, आत्मा शुद्ध, हे कुठलाही शास्त्री मान्य करील. पण ती आत्म्याचा आडोसा घेऊन थांबत नाही, पुन्हा देहाकडे वळते. विटाळ देहातच जन्मला असेल, तर सोवळा कोण? तिसऱ्या चरणात ती बाळंतपणाकडे बोट दाखवते: ज्या विटाळातून देह घडतो, त्यातून न आलेला एक तरी देह जगात दाखवा. अस्पृश्याचा विटाळ आणि बाईचा विटाळ तिने एकाच युक्तिवादात गुंफलेत. सोवळं पाळणाराही आईच्याच पोटी आला, म्हणजे सोवळ्याचा पायाच गेला. शेवटी सही कशी, तर 'म्हणतसे महारी चोखियाची'. जातही सांगते, बाईपणही. उत्तरात एवढं वाचन दीड पान भरतं, आणि भरू द्या.

आता अडचणीचा भाग. बहुतेक गाइडं तो गाळतात. चोखोबांचा एक अभंग असा आहे:

यातिहीन मी महार । पूर्वी निळाचा अवतार ॥
कृष्णनिंदा घडली होती । म्हणोनि महार जन्मप्राप्ती ॥

म्हणजे जात हे मागच्या जन्मातल्या पापाचं फळ. याच माणसाने 'वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ' म्हणत विटाळाची व्याप्ती ब्रह्मा-विष्णूंपर्यंत नेली. दोन्ही अभंग त्यांच्याच नावावर आहेत. परंपरा म्हणते, त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून ठेवले; त्यामुळे हस्तांतरात काही बदललं का, ही शंका घेता येते. पण गैरसोयीचा तेवढा अभंग प्रक्षिप्त ठरवणं परीक्षकाला लगेच कळतं. मला तर हा विरोध खराच वाटतो. ज्या देवाशिवाय दुसरा आधार नाही, त्याच्या जगाचा हिशेब कुठेतरी जुळवावा लागतो.

पोराने मात्र तो जुळवला नाही:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥

'केली' हे क्रियापद अधोरेखित करा. इथे पूर्वजन्म नाही, कर्म नाही. करणारा समोर उभा आहे, आणि लाज त्यालाच वाटायला हवी. मी कीर्तनात चोखोबांचा 'ऊस डोंगा परि रस नोहे डोंगा' पुष्कळदा ऐकला, हा अभंग क्वचितच. देवाला खडसावणारा मुलगा फडावर घ्यायला जरा जडच जातो.

संतांच्या या टीकेची मर्यादा आंबेडकरांमुळे स्पष्ट होते. गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी म्हटलं, की संतांनी माणसं समान आहेत असं शिकवलं नाही, देवाच्या दृष्टीने समान आहेत असं शिकवलं. त्याच आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचं पुस्तक नंदनार आणि रविदास या संतांसोबत चोखामेळ्याला अर्पण केलं. दोन्ही गोष्टी शेजारी लिहा. पुराव्याला पंढरपूर आहेच: चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाबाहेर. आत जायला अस्पृश्यांना 1947 उजाडलं, आणि त्यासाठी उपोषण केलं आपल्या अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी. अभंग सहाशे वर्षं गायले जात होते, दार बंदच होतं.

वेळ कमी पडला तर चोखोबांचं चरित्र गाळा, सोयराबाईचे तीन चरण गाळू नका. आणि अभंग उतरवताना गाथेतूनच उतरवा. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रतींत बऱ्याचदा सहीची ओळच उडालेली असते.