१२०० पोळ्या, दुपारची पंगत आणि मशीनचा प्रश्न

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत आमचं कॅन्टीन आहे. ३०० जणांचं जेवण, साडेबारा आणि सव्वाला दोन पंगती, रोज १२०० पोळ्या लागतात. चौघी लाटतात, दोघी भाजतात, ९ वाजता सुरुवात होते. वाढेपर्यंत डब्यातल्या तळच्या पोळ्या ओल्या चिकट आणि वरच्या पापड झालेल्या असतात. मालक म्हणतात मशीन घ्या. घ्यावी का?

उत्तर: भाऊ, मशीन घ्या, पण आधी पीठ मळायची. पोळ्यांच्या मशीनचं नंतर बघू.

तुमची पहिली पोळी पंगतीत येईपर्यंत साडेतीन तासांची होते. एवढ्या वेळात हातची काय न् मशीनची काय, कोणतीच पोळी मऊ राहत नाही. ३५ ग्रॅमची लाटी धरली तर १२०० पोळ्यांना साधारण ४२ किलो मळलेलं पीठ लागतं, म्हणजे २६ किलो कणीक आणि १६ लिटरच्या आसपास पाणी. एवढं हातानं मळायचं म्हणूनच बायकांना लवकर यावं लागतं, आणि आल्या की लाटणंही लवकरच सुरू होतं.

एक बाई तासाला शंभर-सव्वाशे पोळ्या लाटते. चौघींच्या ४४० धरा, म्हणजे १२०० ला पावणेतीन तास. मळणी मशीनवर गेली की लाटणं पावणेअकराला सुरू करता येतं. साडेबारापर्यंत पावणेआठशे तयार होतात, पहिल्या पंगतीच्या ६०० त्यातून निघतात आणि उरलेल्या पंगत सुरू असतानाच होतात. सगळ्यात जुनी पोळी पावणेदोन तासांची, दुसऱ्या पंगतीला तर बऱ्याचशा ताज्याच. डब्यावर खडूनं वेळ लिहा आणि जुना डबा आधी उघडा. नाहीतर वाढपी हाताशी येईल तो उचलतो.

पीठ दोन घाण्यांत मळा, १३-१३ किलो, एक १० वाजता, दुसरा सव्वाअकराला. दोन्ही ओल्या कापडाखाली अर्धा-पाऊण तास मुरू द्या. मुरलेल्या पिठात बोट दाबलं की खळगा हळूहळू भरतो. लगेच उसळून आला तर पोळी लाटताना आखडणार. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तर मे महिन्यात दुपारपर्यंत ते सैल पडतं, आंबूसही लागतं. कूलरचा झोत बायकांच्या अंगावर असू द्या, लाट्यांवर नको. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या लाटीवर बघता बघता साल धरते आणि मग पोळीच्या कडा फाटतात.

पापड होण्याचं दुसरं कारण थंड तवा. पोळी फुगायला वेळ लागला की तेवढं पाणी उडून जातं. रंग फिकट आणि पोळी कडक, हीच खूण. पिठीही कमी लावा. तव्यावर जळलेली पिठी पुढच्या पोळीला चिकटते.

तळच्या पोळ्या ओल्या होतात त्या वाफेनं. गरम पोळी थेट स्टीलच्या डब्यात घातली की वाफेचं पाणी होऊन खाली उतरतं. आधी जाळीवर दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या, तेलाचा हात फिरवा, मग सुती कापड घातलेल्या हॉटकेसमध्ये २०-२५ ची चळत ठेवा. वरूनही कापड पाहिजे. त्याहून उंच चळत केली तर खालच्या दबून चिकटतात. जाळीवर विसरल्या तर मात्र पुन्हा पापड, म्हणून हे काम एकाच माणसाकडे द्या. उरलेल्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पोळी सगळ्यात लवकर ताठरते.

आता पोळ्यांची मशीन. एक येते दाबाची: लाटी ठेवायची, गरम प्लेटी दाबतात, भाजायचं वेगळ्या भट्टीवर. कंपनी सांगते तो आकडा दाबण्याचा असतो, खरा वेग भट्टीवरची बाई ठरवते. दुसरी पूर्ण ऑटोमॅटिक, पट्ट्यावर भाजून पोळी बाहेर टाकणारी. तिचा फायदा वेळेचा आहे. खरंच तासाला हजार निघाल्या तर बाराला सुरू करून साडेबाराला वाढता येतं. पण तिच्या पोळीला घडीचे पदर नसतात, त्यामुळे बाहेर पडताच तेल लावलं नाही तर ती हातच्या पोळीआधी वातड होते. शिवाय पीठ रोज एकसारखं लागतं: सैल झालं तर चिकटतं, घट्ट झालं तर कडा चिरतात. गहू बदलला की पाण्याचं माप बदलावं लागतं. तापायला वेळ, धुवायला वेळ, आणि ऐन साडेबाराला बंद पडली तर लाटणारे हात लागतातच. १२०० साठी मी ती घेणार नाही, अडीच-तीन हजारांच्या पुढे विचार करीन. ज्वारीच्या भाकरीला तर ती धरूच नका, त्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरीच्या दिवशी थापणाऱ्या बायकाच पाहिजेत.

मालकांनी हट्टच धरला तर डेमोला तुमच्या चक्कीचं पीठ न्या, विक्रेत्याचं वापरू देऊ नका. तासभर सलग चालवायला लावा, निघालेल्या पोळ्या डब्यात भरा आणि दोन तासांनी दुमडून बघा. दुमडलेल्या जागी चीर पडली तर पैसे देऊ नका.